वीस दिवसांचं भाडं

डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं एखादं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. वायरची बंडलं, स्विच, एमसीबी, पंखे. माल मुंबईच्या लोहार चाळीतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून येतो. टेम्पोवाला माल उतरवतो, बिल काउंटरवर ठेवतो आणि निघून जातो. बिलाच्या तळाशी, बँकेचा खाते क्रमांक आणि न्यायालयीन कक्षेची ओळ यांच्यामध्ये, बारीक अक्षरात एक अट असते: दहा दिवसांत पेमेंट केल्यास दोन टक्के सीडी, अन्यथा तीस दिवसांत पूर्ण रक्कम. सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट, लवकर पैसे दिल्याबद्दलची रोख सवलत. बिल तारेच्या खिळ्याला टोचलं जातं आणि ते खाली काढलं जातं तिसाव्या दिवशी, कधी कधी त्याच्याही नंतर.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात अशी हजारो दुकानं आणि कारखाने आहेत. वागळे इस्टेटमधला जॉब-वर्कवाला पत्रा घेतो, डोंबिवली एमआयडीसीतला छोटा कारखाना पुठ्ठ्याची खोकी घेतो, कल्याणचा हार्डवेअरवाला बिजागऱ्या आणि कुलपं घेतो. धंदा कुठलाही असो, सीडीबद्दलचं उत्तर बहुतेक वेळा एकच ऐकू येतं. "दोन टक्क्यांसाठी कोण धावपळ करणार? वीस दिवस पैसे आपल्याकडे राहतात, ते काय कमी आहे?"

या उत्तरातच चूक आहे. दुकानदाराच्या मनात दोन टक्के ही मालावरची सूट असते, घासाघीस करून मिळते तशी. प्रत्यक्षात ते वीस दिवसांचं व्याज आहे.

एक लाखाचं बिल घेऊ आणि जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. दहाव्या दिवशी पैसे दिले तर ९८,००० रुपये द्यावे लागतात आणि तिसाव्या दिवशी १,००,०००. म्हणजे मालाची खरी रोख किंमत ९८,००० आहे. वरचे २,००० मालाचे नाहीत. ते आहेत ९८,००० रुपये आणखी वीस दिवस वापरण्याचं भाडं. पहिले दहा दिवस फुकट, त्यानंतर मीटर सुरू. ९८,००० वर २,००० म्हणजे वीस दिवसांना २.०४ टक्के. वर्षात असे वीस-वीस दिवसांचे सव्वाअठरा तुकडे बसतात. २.०४ ला १८.२५ ने गुणलं की उत्तर येतं ३७.२ टक्के.

वर्षाला सदतीस टक्के. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज लावता येतं. सीडी सोडणारा दुकानदार त्याच्या दुपटीहून जास्त दर देत असतो, आणि तोही सावकाराकडे गेल्याची जाणीव नसताना. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत याच अटीसाठी कधी ४४.६ टक्के असाही आकडा दिसतो. तो चक्रवाढीने काढलेला असतो: प्रत्येक वीस दिवसांनी वाचलेले पैसे पुन्हा त्याच दराने फिरवता आले असते, असं धरून. दुकानाच्या हिशेबाला सरळ व्याजाचा ३७ टक्क्यांचा आकडाच बरा, कारण त्याची तुलना बँकेच्या दराशी थेट करता येते.

ती तुलना करायला फार लांब जावं लागत नाही. ठाणे जनता, डोंबिवली नागरी, कल्याण जनता या इथल्याच मातीत उभ्या राहिलेल्या सहकारी बँका आहेत आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा तर कोपऱ्याकोपऱ्यावर. दुकानदाराचं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी खातं, यांपैकी कुठेतरी असतंच. समजा सीसीवर १२ टक्के व्याज पडतं. दहाव्या दिवशी सीसीतून ९८,००० उचलून व्यापाऱ्याला दिले आणि गल्ल्यातले पैसे वीस दिवसांनी सीसीत भरले, तर बँकेचं व्याज होतं सुमारे ६४४ रुपये. ६४४ देऊन २,००० वाचतात. एका बिलामागे १,३५६ रुपये हातात राहतात.

एका बिलावर १,३५६ म्हणजे फार काही वाटत नाही, म्हणून वर्षाचा हिशेब मांडायला हवा. दुकानाची खरेदी महिन्याला दहा लाख, वर्षाला एक कोटी वीस लाख. सगळीकडे हीच अट धरली तर वर्षभरात सोडलेली सीडी होते २,४०,००० रुपये. आणि ती सोडून दुकानाला मिळालं काय? कुठल्याही दिवशी बघितलं तरी व्यापाऱ्यांचे सुमारे ६,४४,००० रुपये वापरायला. सहा लाख चव्वेचाळीस हजारांवर दोन लाख चाळीस हजार, हाच तो सदतीस टक्क्यांचा दर. तेवढीच रक्कम बँकेकडून बारा टक्क्यांनी घेतली असती तर व्याज झालं असतं ७७,००० च्या आसपास. फरक एक लाख बासष्ट हजारांचा. काउंटरवर काम करणाऱ्या एका मुलाचा वर्षाचा पगार यातून निघू शकतो.

मग इतका उघड तोटा माणसं वर्षानुवर्षं का सोसतात? आळस हे त्याचं कारण नाही. बहुतेकांचं सीसी आधीच टोकाला गेलेलं असतं. लिमिट वीस लाखांचं, त्यातले साडेएकोणीस वापरलेले, अशा स्थितीत दहाव्या दिवशी देणार कुठून? ही अडचण खरी आहे. पण तिच्यातली एक गोष्ट अनेक दुकानदारांच्या लक्षात येत नाही. सीसीतून प्रत्यक्ष किती उचलता येईल, ते नुसत्या मंजूर लिमिटवर ठरत नाही. दर महिन्याला बँकेत जे स्टॉक स्टेटमेंट जातं, त्यावरून ड्रॉइंग पॉवर काढली जाते. त्यात दुकानातल्या मालाच्या किमतीतून आधी व्यापाऱ्यांचं देणं वजा होतं, कारण ज्याचे पैसे दिलेले नाहीत त्या मालावर बँक कर्ज देत नाही. उरलेल्यातून मार्जिन कापलं जातं, समजा २५ टक्के.

दुकानात वीस लाखांचा माल आहे आणि व्यापाऱ्यांचं देणं दहा लाख. पैसे दिलेला माल दहा लाखांचा, त्यावर ड्रॉइंग पॉवर साडेसात लाख. आता व्यापाऱ्यांना ६.४४ लाख लवकर दिले की देणं ३.५६ लाखांवर येतं, पैसे दिलेला माल १६.४४ लाखांचा होतो आणि ड्रॉइंग पॉवर १२.३३ लाखांवर जाते. म्हणजे ४.८३ लाखांची वाढ. मंजूर लिमिटमध्ये जागा असेल तर लागणाऱ्या ६.४४ लाखांतला पाऊण हिस्सा बँकच उचलते. घरचे पैसे लागतात ते उरलेले एक लाख एकसष्ट हजार, तेही एकदाच. महिन्याला साधारण साडेतेरा हजार वाचतात, म्हणजे ही रक्कम वर्षभरात वसूल होते. ती एकदम घालणं जमत नसेल तर एकाच व्यापाऱ्याच्या बिलांपासून सुरुवात करता येते. त्याची सीडी सलग मिळायला लागली की त्या बचतीवर दुसरा व्यापारी घ्यायचा. लिमिटच पुरं पडत नसेल, तर बँकेत ते वाढवून मागताना सोडलेल्या सीडीचा वर्षाचा आकडा अर्जासोबत जोडावा. त्या कागदाइतकं ठोस कारण दुसरं सापडणं कठीण.

इथवरचं गणित पुस्तकी अटीचं झालं. प्रत्यक्ष बिलावर ते दोन ठिकाणी बदलतं आणि दोन्ही ठिकाणी डोळे उघडे ठेवावे लागतात.

पहिली जागा जीएसटीची. एक लाखाच्या मालावर १८ टक्के कर, म्हणजे बिल १,१८,००० चं. मग सीडी बेसिकवर की पूर्ण बिलावर? अट लिहिताना हे सहसा कोणी स्पष्ट करत नाही आणि वाद होतो तो पेमेंटच्या दिवशी. सवलत बेसिकवर असेल तर २,००० कापून १,१६,००० द्यायचे. इथे दुकानदार २,००० वाचवायला १,१६,००० वीस दिवस आधी देतो आहे, कारण कराचे अठरा हजारही सोबत आधी जातात. दर येतो साडेएकतीस टक्के. सवलत पूर्ण बिलावर असेल तर २,३६० कापून १,१५,६४० द्यायचे, आणि दर पुन्हा ३७.२ टक्के. तिसरा प्रकार म्हणजे व्यापारी जीएसटीसह क्रेडिट नोट देतो, दोन हजारांची सवलत आणि त्यावरचा ३६० रुपये कर. दिसायला २,३६० सुटले, पण त्या ३६० चं इनपुट क्रेडिट दुकानदाराला सोडावं लागतं, म्हणून खरी बचत दोन हजारांचीच. दर साडेएकतीसच्या आसपास. आपल्या बिलावर यांतला कोणता प्रकार लागू आहे ते व्यापाऱ्याला एकदा विचारून लिहून घ्यावं. साडेएकतीस टक्के हाही बँकेच्या अडीचपटीहून मोठा दर आहे, निर्णय त्याने उलटत नाही. पण वर्षअखेरीला अपेक्षा आणि खातं यांत तफावत दिसली की बऱ्याचदा तिचं मूळ इथेच सापडतं.

दुसरी जागा अधिक मोलाची आहे. ३७ टक्क्यांचं गणित उभं आहे ते तिसाव्या दिवशी पैसे खरोखर दिले जातात यावर. आपल्याकडे तीस दिवसांची उधारी किती वेळा तीस दिवसांत मिटते, हे व्यापाऱ्याच्या वसुलीसाठी लोकलने अंबरनाथपर्यंत येरझारा घालणाऱ्या माणसाला विचारावं. पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी गेले तर २,००० रुपयांत पस्तीस दिवस मिळाले आणि दर उतरला २१.३ टक्क्यांवर. साठाव्या दिवशी गेले तर १४.९. नव्वदाव्या दिवशी गेले तर ९.३ टक्के, म्हणजे आपल्या बारा टक्क्यांच्या सीसीपेक्षाही स्वस्त. ज्याचा व्यापारी तीन महिने थांबतो आणि तरीही भाव, माल, संबंध यांत काही फरक करत नाही, त्याने सीडी सोडली तर ते चुकीचं म्हणता येणार नाही. हे मान्य करायला हवं. मात्र असा व्यापारी पुढच्या वेळी भावच दोन टक्के चढवून लावतो की काय, हे बिलागणिक तपासायला हवं. तुटवड्याच्या काळात माल आधी कोणाला मिळतो, तेही बघावं.

आणि थांबवून ठेवण्याला कायद्याचीही हद्द आहे. माल पुरवणारा स्वतः उत्पादन करणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि त्याची नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे करार काहीही असो, पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीचं व्याज लागतं. बँक रेट ६.७५ टक्के होता त्या काळात हा दंडव्याजाचा दर २०.२५ टक्के भरत होता. कायद्याने ठरवलेला तेव्हाचा दंडाचा दर वीस टक्के आणि स्वखुशीने सीडी सोडण्याचा दर सदतीस, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी (एच) हे कलम घातलं. मुदत उलटूनही पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरली जात नाही, पैसे जातील त्या वर्षी धरली जाते. २०२४ च्या मार्चअखेरीला अनेक हिशेबनीसांनी देण्यांच्या याद्या उपसल्या त्या याच कलमामुळे. लोहार चाळीतला व्यापारी निव्वळ खरेदी-विक्री करणारा असेल तर त्याला हे संरक्षण लागू होत नाही. पण वागळे इस्टेटमध्ये स्वतः पॅनल बनवणाऱ्या नोंदणीकृत छोट्या कारखान्याला होतं. म्हणून अशा पुरवठादाराच्या बाबतीत "नव्वद दिवसांनी देऊ, म्हणजे स्वस्त पडेल" हा विचार करताच येत नाही. तिथे शेवट पंचेचाळीस दिवसांवर आणि सीडी सोडण्याचा दर किमान एकवीस टक्के.

एक प्रश्न उरतो. सदतीस टक्क्यांचा फटका बसत असताना व्यापारी तरी ही सवलत का देतो? त्याला स्वतःला बँक बारा-तेरा टक्क्यांनी पैसे देत असताना वीस दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून तो दोन टक्के सोडतो, हे त्याच्या बाजूने महागच. यातला काही भाग वसुलीच्या खर्चाचा आणि बुडीत उधारीच्या भीतीचा आहे. पण सवलतीचा आणखी एक उपयोग आहे. ती चाळणीचं काम करते. ज्याच्याकडे पैसे आहेत किंवा बँकेची साथ आहे, तो सीडी सोडत नाही. सोडतो तो अडलेला असतो. वर्षानुवर्षं दहाव्या दिवशी पैसे पाठवणाऱ्या दुकानाने अचानक तीन बिलं तिसाव्या दिवसावर नेली, की घाऊक व्यापाऱ्याच्या मुनीमजींना ताळेबंद बघण्याची गरज उरत नाही. पुढच्या ऑर्डरला ते थोडा हात आखडता घेतात.

मिचेल पीटरसन आणि रघुराम राजन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या छोट्या धंद्यांचा अभ्यास करताना हाच धागा पकडला. "दहा दिवसांत दोन टक्के, नाहीतर तीस दिवस" ही तिकडची जुनी आणि सर्रास चालणारी अट. एखादा धंदा ही सवलत सोडतो, म्हणजे त्याला बँकेकडून पुरेसे पैसे मिळत नाहीत, अशी खूण त्यांनी धरली आणि त्यावरून कोणत्या धंद्यांची पतपुरवठ्यात कोंडी होते ते शोधलं. हेच राजन पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर २०१४ मध्ये, छोट्या उद्योगांची मोठ्या कंपन्यांकडे अडकलेली बिलं ऑनलाइन लिलावात वटवता येतील अशा ट्रेड्स व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वं निघाली.

सीडी घ्यायचं ठरलं तरी ती हुकते ती किरकोळ गोष्टींवर. दहा दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल पोचल्यापासून? बहुतेक व्यापारी बिलाची तारीख धरतात, आणि टेम्पो शिळफाट्याच्या कोंडीत अडकून माल तिसऱ्या दिवशी आला तर हातात सातच दिवस उरतात. चेक असेल तर लिहिल्याची तारीख धरायची की वटल्याची, हेही आधी ठरलेलं बरं. दहावा दिवस रविवारी आला ही सबब आता चालत नाही, कारण एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून रोज चोवीस तास सुरू आहे. उलट फार घाईही करू नये. पाचव्या दिवशी पैसे दिले तर सवलत तीच, पण फुकटचे पाच दिवस गेले. पेमेंट नवव्या किंवा दहाव्या दिवशीच जावं. आणि चौदाव्या दिवशी पैसे देऊन वर दोन टक्के कापून घेण्याची सवय काहींना असते. व्यापारी तेव्हा गप्प बसतो, पण ते दोन हजार तुमच्या खात्यावर बाकी म्हणून दिसत राहतात आणि वर्षअखेरीला खातं जुळवताना भांडणाचं कारण होतात.

हा तोटा चालत राहण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र वहीतच दडलं आहे. सीडी घेतली तर टॅलीत "डिस्काउंट रिसीव्ह्ड" असं खातं दिसतं. बँकेला दिलेलं व्याज नफा-तोटा पत्रकात ठळक दिसतं आणि टोचतं. सोडलेल्या सीडीचं खातं कुठेच नसतं. ती रक्कम खरेदीच्या आकड्यात विरघळून जाते, म्हणून ६४४ रुपयांचं व्याज खुपतं आणि २,००० चं दिसतही नाही. हिशेबशास्त्रात यावर जुना उपाय आहे: खरेदी मुळातच सवलत वजा करून ९८,००० ला मांडायची, आणि तिसाव्या दिवशी लाख दिले तर वरचे दोन हजार "हुकलेली सवलत" या खर्चाच्या खात्यात टाकायचे. जीएसटीच्या नोंदी बिलाप्रमाणेच ठेवाव्या लागतात, त्यामुळे मूळ वहीत हे करणं अवघड जातं. पण शेजारी एक साधी शंभर पानी वही ठेवायला कोणाची आडकाठी नाही. तिच्यात चार रकाने पुरतात: बिलाची तारीख, सीडीची शेवटची तारीख, पैसे गेले ती तारीख आणि हुकलेले रुपये.

या आठवड्यात खिळ्याला टोचलेली बिलं एकदा खाली काढावीत, प्रत्येकाच्या तळाची ती बारीक ओळ वाचावी आणि गेल्या तीन महिन्यांचे हुकलेले रुपये त्या वहीत उतरवावेत. त्या बेरजेला चारने गुणून येणारा आकडा आणि सीसीच्या व्याजाचा वर्षाचा आकडा एकाच पानावर शेजारी लिहावा, आणि ते पान बँकेत जाताना सोबत न्यावं.